बिडाच्या जुन्या लाइनीचा सी किती?

माणसं कशावरूनही भांडतात हे मला ठाऊक होतं. बांधावरून, लग्नातल्या मानापानावरून, एका शेळीवरून भांडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण घातांकावरून भांडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती धानोऱ्याकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो आणि तो मिळत राहावा अशी इच्छा आहे.

एक जण म्हणत होता, "एक पूर्णांक पंचाऐंशी!" दुसरा टेबलावर बोट आपटून म्हणत होता, "दोन! साहेब, दोन!" मधे भज्यांची ताटली. भजी थंड होऊन राहिली होती आणि ती कोणी खाईना, यावरून भांडण किती गंभीर होतं ते समजा.

पहिले होते आमचे साहेब. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात शाखा अभियंता आणि ते माझे वरिष्ठ. उंच, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. दुसरे होते एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक. आमच्या योजनेची बाहेरून तांत्रिक तपासणी करायला आले होते. गोल, हसरे, पण पाण्याचा विषय निघाला की हसू गायब. आणि मी, तिघांत एकटी बाई, भज्यांकडे लक्ष ठेवून.

प्रश्न साधा होता. गावाच्या उंच टाकीपासून खालच्या टोकाच्या वस्त्यांपर्यंत बिडाची जुनी लाइन गेली होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड. लांबी दोन किलोमीटर, व्यास दोनशे मिलिमीटर, आणि वय? ती टाकणारी माणसं निवृत्त होऊन, त्यांच्या निवृत्तीचे सत्कारही लोक विसरून गेले होते, एवढं. या लाइनीच्या शेवटाला जोडून पुढे प्लास्टिकची नवी लाइन टाकायची आणि टेकाडावरच्या टोल्याला नळ द्यायचे, अशी योजना होती. टोला म्हणजे शंभरेक घरांची गोंड वस्ती. उतारावर धान, वर जंगल, आणि पाण्यासाठी खाली एक हातपंप. त्याचं पाणी भांड्यात थोडा वेळ ठेवलं की तळाशी तांबडा गाळ बसायचा.

टाकीतलं पाणी टोल्याच्या जमिनीपेक्षा अठरा मीटर उंच होतं. आमच्या धंद्यात दाब असा मीटरमध्येच मोजतात. उघडा सोडला तर पाणी किती उंच चढेल, तेवढे मीटर. अठरा मीटर म्हणजे भरपूर. पण पाणी नळातून चालायला लागलं की नळाच्या भिंतीला घासत चालतं आणि वाटेत दाब खर्च होतो. बाजाराला निघालेल्या माणसाचे पैसे वाटेतच संपावेत, तसं. वाटेत किती संपेल हे काढायला सूत्रं आहेत. प्रवाहाचा कितवा घात घ्यायचा यावर त्यांचं पटत नाही, आणि भांडण तिथेच होतं.

साहेब हेझन-विल्यम्सवाले. या सूत्रात नळाचा गुळगुळीतपणा एका आकड्यात मांडतात, त्याला सी म्हणतात. सी मोठा तर नळ गुळगुळीत, लहान तर खडबडीत. साहेबांनी पुस्तकातून शंभर घेतला होता. प्राध्यापक डार्सी-वाइसबाखवाले. त्यांच्या सूत्रात नळाच्या आतली खडबड सरळ मिलिमीटरमध्ये भरतात. त्यांनी त्यांच्या पुस्तकातून दीड मिलिमीटर घेतली होती.

"हेझन-विल्यम्स गुळगुळीत नळासाठी आहे," प्राध्यापक म्हणाले. "खडबडीत नळात वेग वाढला की तुमचा सी स्वतःच खाली येतो. तुम्ही त्याला स्थिर धरता! तो काय खांब आहे?"

"चाळीस वर्षं आम्ही त्याच्यावर योजना केल्या सर. लोक पाणी पिऊन राहिले."

"नळाचं पिऊन राहिले की टँकरचं?"

साहेबांनी दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली. दोन्ही पेनं बाहेर आली की साहेब रागावले, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं.

मी भजं उचललं आणि दोघांची उत्तरं शेजारीशेजारी मांडली. साहेबांच्या सूत्रानं जुन्या लाइनीत साडेसात मीटर जात होते. प्राध्यापकांच्या सूत्रानं सात मीटर आणि वर थोडं. फरक अर्धा मीटर. दोन दिवसांचं भांडण माझ्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हतं.

"म्हणजे दोन्हीकडून टोल्याला पाणी जाते," मी म्हटलं. नवीन लाइनीतले दोन मीटर वजा करूनही टोल्याच्या नळाला साडेआठ-नऊ मीटर उरत होते. झकास.

दोघंही माझ्याकडे नाराजीनं बघू लागले. भांडण संपवणाऱ्या माणसाला कोणीच दुवा देत नाही.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगते. कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या टाक्याजवळ, त्याच बिडाच्या लाइनीचा एक तुकडा पडला होता. कधीतरी फुटली म्हणून कापून काढलेला. चपराशीभाऊ त्यावर बसून तंबाखू मळायचे. मी सकाळी त्यांना उठवून त्या तुकड्यात हात घातला होता. कारल्याची साल आतून लावावी तसा तो नळ. गंजाचे फोड, फोडांवर फोड. कुठे बोटाच्या पेराएवढे जाड, कुठे पातळ. बाहेरून दोनशे मिलिमीटर, पण आत पाण्याला जायला वाट एकशे ऐंशीचीच असावी असा माझा अंदाज. पुस्तकातला शंभर आणि पुस्तकातला दीड, दोन्हींनी या तुकड्यात कधी हात घातला नव्हता.

"लाइन मोजू या," मी म्हटलं. "सी पुस्तकात नाही, जमिनीत आहे."

हे वाक्य मी जरा नाटकीच म्हटलं, हे कबूल. पण साहेबांना ते आवडलं, कारण त्यांना वाटलं शंभर सिद्ध होईल. प्राध्यापकांनाही आवडलं, कारण त्यांना वाटलं साहेबांचा शंभर पडेल. असा सर्वसंमत ठराव मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मोजणीचा दिवस ठरला. लाइन मोजायची म्हणजे काय करायचं? वरच्या टोकाला एक दाबमापक बसवायचा, खालच्या टोकाला एक. दोन्ही जागांची उंची लेव्हलनं काढायची, कारण खाली उतरताना दाब आपोआप वाढतो आणि तो घर्षणाच्या हिशोबात मिसळला तर उत्तर बावळट येतं. मधले सगळे फाटे बंद करायचे. मग खालच्या टोकाचा वॉशआउट, म्हणजे लाइन धुवायचं तोंड, नाल्यात सोडायचा आणि टाकीत येणारं पाणी थांबवून टाकीची पातळी किती भराभर उतरते ते पाहायचं. त्यावरून किती पाणी वाहतं ते कळतं. आधी पाणी न वाहता दोन्ही मापक वाचायचे. पाणी थांबलेलं असताना जागेच्या उंचीत दाब मिळवला की दोन्हीकडची पातळी सारखी दिसली पाहिजे. नाही दिसली तर मापक खोटं बोलतो किंवा लेव्हल. हे सगळं मी प्राध्यापकांच्या देखत केलं. त्यांनी मान डोलावली. मग मी दोन्ही मापकांची अदलाबदल करून पुन्हा वाचलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा मान डोलावली. एवढी पावती मला लग्नातही मिळाली नव्हती.

व्हॉल्व्हचं काम लाईनमनभाऊंकडे. हा एक उत्साही गृहस्थ. अंगात कायम खाकी, गळ्यात गमछा, आणि गावातल्या प्रत्येक व्हॉल्व्हशी घरोबा. त्यांच्याशी बोलताना वाटायचं की ते पाणी सोडत नाहीत, पाण्याची समजूत घालतात.

"भाऊ, लाइनीवरचे सगळे वाल पूर्ण उघडा," मी सांगितलं.

"उघडले जी."

"पूर्ण?"

"मंग का अर्धे उघडू का? पूर्ण म्हणजे पूर्ण. माहा बाप इथीच लाईनमन होता, बाई."

पाणी सुटलं. नाल्यात तांबडं धबधब पडायला लागलं, दोन म्हशी उठून पळाल्या, प्राध्यापकांच्या बुटात चिखल गेला. आकडे आले. मी गणित केलं. पुन्हा केलं. मग कागद साहेबांना दिला.

सी पंचावन्न.

साहेबांच्या खिशातून एक पेन बाहेर आलं, मग दुसरं. प्राध्यापकांना आनंद झाला होता, पण तो दाखवण्याइतके ते निर्दय नव्हते. त्यांनी आपला चेहरा नाल्याकडे वळवला आणि तिथे मनसोक्त हसून घेतलं असावं.

पंचावन्नाचा अर्थ असा. शंभराचा सत्तर झाला तरी घर्षणात जाणारा दाब जवळजवळ दुप्पट होतो. पंचावन्नाला तिप्पट. सगळ्या वस्त्यांना आणि टोल्याला एकदम पाणी सोडलं तर अठरापैकी अठरा मीटर वाटेत संपून वर आणखी उधारी. टोल्याचे नळ वाजतील, हवा ओढतील, पण पाणी देणार नाहीत.

"टोला वगळा," साहेब म्हणाले. "आधी ही लाइन बदलायचा प्रस्ताव करू. तो मंजूर झाला की टोल्याचं बघू."

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत टोल्यातल्या लहान मुलींच्या मुली पाणी भरायला लागतील, हे साहेबांनाही माहीत होतं. माणूस वाईट नव्हता. कोरडे नळ देण्यापेक्षा नळ न देणं त्यांना सभ्यपणाचं वाटत होतं.

ही बातमी टोल्यावर आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि बाजारातून डोक्यावर टोपली घेऊन टोल्याच्या पाणी समितीच्या अध्यक्ष बाई सरळ कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या. कपाळावर, हातांवर गोंदण. टोपलीत चारोळी होती आणि विकून उरलेला मोह. त्यांनी टोपली माझ्या टेबलावर, नकाशांवरच ठेवली.

"बाई, तुमचा सी कमी भरला म्हनते."

"हो, भरला."

"किती पायजे होता?"

"शंभर धरला होता."

"अन् किती भरला?"

"पंचावन्न."

त्यांनी आवाज खाली आणला, बाजारात शेवटचा भाव सांगतात तसा. "नव्वद लिवा."

"असं नाही होत बाई."

"बरं, ऐंशी. ऐंशीच्या खाली मी नाई येत."

मला हसू आवरेना. "अहो, सी काही मोह नाही भाव करायला."

"काऊन नाई? त्या साहेबानं शंभर मोजून लिवला होता का? मनानंच लिवला होता ना? मंग तुमी मनानं ऐंशी लिवा. आमच्या टोल्याचं काम तं होऊन जाईन."

साहेबांनी खरंच मनानं लिहिला होता. पुस्तकाच्या मनानं म्हणा हवं तर. मी त्यांना समजावलं की मी ऐंशी लिहिला तर कागदावर पाणी चढेल, टेकाडावर नाही चढणार. नळ बसतील, तोट्या बसतील, फोटो निघतील, आणि मग तोटीला कान लावून बसावं लागेल.

"मले कागदाचं एर नाई पायजे," त्या म्हणाल्या. एर म्हणजे गोंडीत पाणी. "मले गुंडात, घागरीत पडनारं पायजे. पन तुमी लाइन बदलवता म्हनता, ते कधी? मी मेल्यावर?"

त्या टोपली उचलायला लागल्या, मग थांबल्या आणि मूठभर चारोळी माझ्या नकाशावर ठेवली. लाच नव्हती ती. नाराज पाहुणीनंही रिकाम्या हातानं उठू नये, एवढंच. मी नकाशाकडे बघत एकेक दाणा लाइनीवर मांडत बसले. वरचं टोक, खालचं टोक. आणि आणखी एक दाणा मी मधे ठेवला.

मधे! दोन मापक दोन टोकांना. मधे काय होतंय ते कोण बघतंय? सगळी लाइन एकाच वर्षी टाकलेली, एकाच कारखान्याचं बीड, एकच पाणी पिऊन म्हातारी झालेली. तिचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखेच खडबडीत निघायला पाहिजेत. नाही निघाले, तर खाली गंजाखेरीज आणखी कोणीतरी दाब खाऊन राहिलं आहे.

साहेबांना पुन्हा मोजणीसाठी तयार करायला मी प्राध्यापकांना पुढे केलं. "सर म्हणतात, पंचावन्नावर भरवसा नाही," मी सांगितलं. सर असं म्हणाले नव्हते. पण मी सांगितल्यावर ते म्हणाले, आणि फार तळमळीनं म्हणाले.

तिसरा मापक मधल्या चेंबरमध्ये बसवला. पाणी सोडलं. वरच्या अर्ध्याचा सी सत्तर. खालच्या अर्ध्याचा पन्नासाच्याही खाली.

"एकाच आईच्या दोन लेकी," प्राध्यापक म्हणाले, "आणि वरची साठीची, खालची शंभरीची?"

खालच्या अर्ध्यात एकच व्हॉल्व्ह होता, बाजाराच्या चौकातल्या चेंबरमध्ये. आम्ही सगळे चेंबरभोवती जमलो. बाजारातली माणसंही जमली. खड्ड्यात बघणाऱ्या अभियंत्यांइतकं फुकटचं मनोरंजन दुसरं नाही.

"भाऊ, हा वाल पूर्ण उघडा आहे?"

"पूर्ण," लाईनमनभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. "तीन आटे. मोजून घ्या."

"तीन आटे म्हणजे पूर्ण?"

"या वालाचे तीनच. माह्या बापानं सांगतलं, या वालाले तीनच्या वर नाई फिरवाचं. तो पूर्ण असते."

मी त्या आकाराच्या व्हॉल्व्हचे आटे, म्हणजे चावीचे पूर्ण फेरे, मनात मोजले. पंचवीस-सव्वीस तरी हवेत. अशा व्हॉल्व्हमध्ये लोखंडी पत्ता वर उचलला जातो. तो अर्धा उचललेला असला तरी पाण्याला फारसं अडत नाही. पण तीन आटे, त्यातला एक नुसता ढिलाई काढण्यात गेलेला, म्हणजे पत्ता जेमतेम दोन बोटंही नाही उचलला. एवढ्या फटीतून अख्ख्या लाइनीचं पाणी वाकून जात होतं. पाणी थांबलेलं असताना हे कळत नाही. पाणी थांबलं की सगळे व्हॉल्व्ह सज्जन.

"तीनच्या वर काय होते?" मी विचारलं.

"का होते मले का मालूम? कधी केलंच नाई."

"मग करू."

लाईनमनभाऊंचा चेहरा असा झाला जणू मी त्यांच्या वडिलांचा फोटो भिंतीवरून काढायला सांगितला. पण त्यांनी चावी लावली. चौथा आटा. पाचवा. सहाव्याला स्पिंडलच्या, म्हणजे चावीनं फिरणाऱ्या दांड्याच्या, मुळातून पाण्याची धार सुटली, सरळ वर, आणि खड्ड्यात सर्वांत पुढे वाकलेले कोण होते? साहेब. चष्मा, शर्ट, दोन्ही पेनं. बाजारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहा!" लाईनमनभाऊ ओरडले. "म्हनून बाप म्हने!"

तर ते गूढ असं उकललं. कधीतरी त्या व्हॉल्व्हच्या गळ्यातली, गळती अडवणारी दोरी झिजली होती. तीन आट्यांपर्यंत गळत नव्हतं, पुढे गळायचं. तेव्हाच्या माणसानं दोरी बदलायच्या ऐवजी तीन आट्यांचं नाव पूर्ण ठेवून दिलं, आणि ते नाव लेकाकडे वारशानं आलं. यात कोणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही पूर्ण विचारलं, त्यांनी पूर्ण सांगितलं. साहेबांनी ओल्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, दोरी बदला."

ग्रीस लावलेली नवी दोरी ठासली. सगळे आटे उघडले. पुन्हा मोजलं. पूर्ण लाइनीचा सी सत्तरच्या आसपास, दोन्ही अर्ध्यांचा सारखा. आता प्राध्यापकांची पाळी. त्यांनी आपल्या सूत्रात व्यास दोनशे मिलिमीटरच ठेवून दीडऐवजी खरी खडबड घालायला घेतली, तर त्यांना दहा मिलिमीटर भरावी लागली. ते अस्वस्थ झाले. दहा मिलिमीटर कोणत्याच पुस्तकात बसेना.

मी त्यांना कार्यालयामागे नेलं, चपराशीभाऊंना पुन्हा उठवलं आणि तुकडा दाखवला. "सर, व्यास एकशे ऐंशी घ्या."

त्यांनी घेतला. खडबड अडीच मिलिमीटर आली. जुन्या गंजलेल्या बिडाला शोभेल अशी. त्यांनी तुकड्याच्या आत हात घालून फोड चाचपले आणि असे खूश झाले की चपराशीभाऊंना वाटलं, आत काही सापडलं.

"म्हणजे साहेबांचा सत्तर आणि माझा अडीच, एकच गोष्ट!" ते म्हणाले. "त्यांच्या सत्तरात आकसलेला व्यासही लपलेला आहे."

"पण त्यांचा सत्तर फक्त या वेगापुरता," मी त्यांना खूश करायला म्हटलं.

"फक्त या वेगापुरता!" ते ओरडले. साहेबांनी खिडकीतून पाहिलं.

हे सगळं गोड झालं. पण टोल्याचं? सत्तर धरून, सगळ्या वस्त्या एकदम चालू असताना, जुन्या लाइनीत पंधरा मीटर जात होते. नवीन लाइनीत दोन. अठरातून सतरा गेले. टोल्याच्या तोटीला उरला एक मीटर. एक मीटरचा दाब म्हणजे तोटीनं लाजत लाजत थेंब द्यायचे. पंचावन्न भरला तेव्हा नाही म्हणायला सोपं होतं. सत्तर फार छळवादी आकडा निघाला. जवळ आणून सोडत होता.

साहेब म्हणाले, "एक मीटर. नियमात सात पाहिजे. वगळा." पण या वेळी त्यांनी एकही पेन काढलं नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं.

प्राध्यापक म्हणाले, "आणि माझ्या सूत्रानं पुढे मागणी वाढली की आणखी कमी. कारण प्रवाहाचा वर्ग, साहेब. दोन. तुमचा एक पूर्णांक पंचाऐंशी नव्हे."

"पुन्हा तेच?"

आणि दोघं पुन्हा सुरू झाले. एक पूर्णांक पंचाऐंशी! दोन! मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे दोघं एका गोष्टीवर शंभर टक्के सहमत आहेत, फक्त त्यांना ते कळलेलं नाही. प्रवाह वाढला की घर्षण त्याहून जोरात वाढतं. मग प्रवाह कमी केला तर?

"थांबा," मी म्हटलं. "टोल्याला पाहिजे त्याचं प्रमाण किती? सगळ्यांच्या पाण्याचे दहा भाग केले तर तीन. बाकी वस्त्या बंद ठेवून टोल्याला एकट्याला पाणी सोडलं तर लाइनीत काय जाईल? तुमच्या सूत्रानं सांगा साहेब. तुमच्या सूत्रानं सांगा सर."

दोघांनी कागद ओढले. परीक्षेत शेजारी बसलेल्या मुलांसारखे हातानं झाकून गणित करत होते. प्राध्यापकांचं उत्तर, सव्वा मीटर आणि वर थोडं. साहेबांचं दीड मीटर आणि वर थोडं. पंधराचे दीड! जुनी, फोडांनी भरलेली, म्हातारी लाइन. तिला सगळ्या गावाला घेऊन पळवलं तर दम लागतो, एकट्या टोल्याला घेऊन हळू चालवलं तर कुरकुरत नाही. टोल्याला चौदा मीटर उरत होते. सात पाहिजे, तिथे चौदा.

"पाळीनं पाणी," साहेब म्हणाले. "गावात पाळ्या आहेतच. एक आणखी." मग त्यांनी एक पेन काढलं, पण लिहायला. योजनेच्या कागदात त्यांनी सी सत्तर लिहिला, स्वतःच्या हातानं. प्राध्यापकांनी शेजारी तपासलं म्हणून सही केली आणि खाली बारीक अक्षरात घातलं की हा आकडा मोजलेल्या वेगालाच लागू आहे. त्यांना ते लिहू दिलं नसतं तर ते आजारी पडले असते.

टोल्यावर पाळी सांगायला मी गेले. अध्यक्ष बाई मोह वाळत घालत होत्या.

"नव्वद झाला?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

"म्हनजे नाई."

"म्हणजे हो. पण दिवसातून दीड तास, एकट्या तुमच्या टोल्याला. पहाटे पाच वाजता."

"पाच वाजता?" त्या उभ्या राहिल्या. "पाच वाजता सारा टोला जंगलात असते मोह येचाले. पानी कोन भरन, कुत्रे?"

"मग सहा."

"साहा वाजता बी जंगलातच. दहा."

"दहाला गावातल्या वस्त्यांची पाळी आहे."

"त्यायले पाच वाजता द्या. ते झोपूनच राह्यते तं उठतीन."

मी नऊ म्हटलं. त्या साडेनऊवर आल्या. मग आम्ही दोघींनी हसून साडेनऊ पक्के केले, आणि गावाची पाळी अकराला सरकवायची ठरवली. सीवर भाव झाला नाही, वेळेवर झाला. त्यांना भाव करायला मिळाला याचं समाधान दिसत होतं.

नवी लाइन पडली, तोट्या बसल्या. पहिल्या पाळीच्या दिवशी आम्ही तिघंही टेकाडावर. प्राध्यापक खास त्यासाठी आले होते, दाबमापक घेऊन. लाईनमनभाऊंनी खाली गावातल्या पाळ्या बंद केल्या आणि मोबाइलवरून सांगितलं, "सोडलं जी!" सगळ्या बाया गुंड, बादल्या घेऊन तोट्यांपाशी. आधी नुसती हवा आली, फुसफुस. मग तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. जोर असा की पहिल्या तोटीखालची बादली आडवी झाली.

प्राध्यापकांनी शेवटच्या तोटीला मापक लावला. साहेब वाकले, प्राध्यापक वाकले, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"साडेतेरा!" साहेब म्हणाले. "पाहा, माझ्या उत्तराच्या जवळ."

"तेरा पूर्णांक आठ! काट्याकडे समोरून बघा साहेब, तिरपं नाही!"

"तिरपं तुम्ही बघून राहिलात!"

अध्यक्ष बाई त्यांच्या मागे दोन रिकामे गुंड घेऊन उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. दीड तासातलं हे वाट पाहणं होतं, हे लक्षात घ्या. मग त्यांनी कोपरानं साहेबांना एकीकडे सारलं, प्राध्यापकांना दुसरीकडे.

"काढा तुमचं ते घड्याळ," त्या म्हणाल्या. "एक तोटी तुमीच धरून बसले. मले भरू द्या जी."

मी मापक काढला. पाणी गुंडात पडायला लागलं. पहिला भरला, दुसरा लावला. प्राध्यापक आणि साहेब चिखलात उभे राहून अजून पूर्णांकावर होते, आणि मागच्या बायांची रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकत होती.